प्लॉट नंबर बाराचा सातबारा

आईसाठी पाथर्डी फाट्याजवळ एक जुना फ्लॅट बघत होतो. दुसरा मजला, दोन खोल्या-किचन, खाली मोकळी हवेशीर जागा, आणि मुख्य म्हणजे माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. विकणारे काका एकटेच राहायचे, मुलगी परदेशी. भाव ठरला, चहा झाला, आणि काका म्हणाले, "कागदपत्रांची काळजी करू नका. सोसायटी रजिस्टर्ड आहे, कन्व्हेयन्ससुद्धा झालंय. नाशकात किती बिल्डिंगींचं झालंय सांगा!"

त्यांचं म्हणणं खरं होतं. कन्व्हेयन्स म्हणजे इमारतीखालची जमीन दस्ताने सोसायटीच्या नावावर होणं. आमच्या ओळखीतल्या निम्म्या इमारतींची जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे. म्हणून "झालंय" हा शब्द ऐकून आम्ही दोघं सुखावलो. पण आईची आयुष्यभराची पुंजी त्यात जाणार होती, म्हणून मी ठरवलं की "झालंय" म्हणजे नेमकं काय झालंय ते विसार देण्याआधी स्वतः बघायचं. त्यातून जे बाहेर आलं ते लिहून ठेवते आहे, कारण ज्या जागी चूक होती तिथे कुणी बघतच नाही.

सुरुवात नोंदणीपासून केली. इमारतीच्या फाटकावर पाटी होती ती "अपार्टमेंट" अशी, आणि काकांच्या मेंटेनन्सच्या पावतीवर होतं "सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित". नाशिकमध्ये ही गल्लत फार दिसते आणि ती नुसती नावाची नसते. सहकारी सोसायटी नोंदली जाते 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली, तिला उपनिबंधकांकडून नोंदणी क्रमांक मिळतो आणि जमीन सोसायटीच्या नावावर व्हावी लागते. अपार्टमेंट बनतं 1970 च्या वेगळ्या कायद्याखाली. तिथे घोषणापत्र नोंदवतात, मग प्रत्येकाचं डीड ऑफ अपार्टमेंट होतं आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा त्या फ्लॅटबरोबर त्या मालकाकडे जातो. तिथे सोसायटीच्या नावाने कन्व्हेयन्स हा प्रश्नच नसतो. तेव्हा फाटकावरच्या पाटीवर जाऊन उपयोग नाही. इमारत या दोन्हींपैकी कोणती, हे कागदावरून ठरवावं लागतं.

सोसायटीची कागदपत्रं बघण्याचा हक्क सभासदाला आहे, होणाऱ्या खरेदीदाराला नाही. म्हणून काकांनाच दोन ओळींचा अर्ज करायला सांगितला. सेक्रेटरी भले गृहस्थ, त्यांनी रविवारी सकाळी कपाट उघडलं. नोंदणी प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं, सन 2006 चं. क्रमांकात जिल्ह्याचं आणि तालुक्याचं संक्षिप्त रूप, मग एचएसजी, कंसात टीसी, मग आकडा आणि वर्ष. तो क्रमांक, उपविधींच्या पहिल्या पानावरच्या शिक्क्यातला क्रमांक आणि काकांच्या भाग दाखल्यावरचा क्रमांक मी एकाखाली एक लिहून घेतले. तिन्ही एकच होते. पावतीपुस्तकावर मात्र शेवटचे दोन आकडे उलटसुलट छापलेले होते. सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला, पण ती छापखान्याची चूक होती. 2022-23 चा लेखापरीक्षण अहवालही दाखवला, म्हणजे संस्था नुसती कागदावर नव्हती, चालू होती. तालुका उपनिबंधक कार्यालयात जाऊन त्या क्रमांकाची संस्था यादीत आहे, नोंदणी रद्द झालेली नाही आणि अवसायनात काढलेली नाही एवढं विचारून आले. घोषणापत्राची शंका राहू नये म्हणून पुढे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोध घेतला तेव्हा त्या जागेवर कुठलंच घोषणापत्र नोंदलेलं दिसलं नाही. म्हणजे सोसायटी खरी, पाटीच जुनी. इथपर्यंत सगळं नीट होतं.

मग कन्व्हेयन्स डीड. सेक्रेटरींनी फाइलमधून काढून अभिमानाने समोर ठेवलं. जाड, हिरव्या कागदावर, 2011 चं. कायद्याने बिल्डरने सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत हे करून द्यायचं असतं. इथे पाच वर्षं लागली होती, पण झालं तर होतं. पाठीमागे नोंदणीचे शिक्के, पानापानावर दस्त क्रमांक, शेवटी अंगठ्यांचे ठसे आणि फोटो. सोबत प्लॉट नंबर 11 चा सातबारा, आणि भोगवटादाराच्या रकान्यात ठळकपणे सोसायटीचं नाव. सेक्रेटरी म्हणाले, "बघा ताई, सातबाऱ्यावर नाव लागलंय. याच्यापुढे काय पाहिजे?"

खरंच, याच्यापुढे काय पाहिजे असं मलाही वाटलं. कन्व्हेयन्स अर्धवट राहतं ते बहुतेक वेळा याच जागी. दस्त नोंदवला जातो, सगळे पेढे खातात, आणि फेरफार करायचा राहून जातो. दहा वर्षांनी सातबारा काढला की मूळ मालक तसाच बसलेला. माझ्या सासरच्या नाशिकरोडच्या इमारतीत तर याहून अलीकडेच गाडी अडली होती. तिथे डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाचा जिल्हा उपनिबंधकांचा आदेश मिळाला, आणि तो आदेश म्हणजेच कन्व्हेयन्स असं समजून कमिटीने दोन वर्षं तो कपाटात ठेवला. वास्तविक त्या आदेशावरून आणि प्रमाणपत्रावरून दस्त तयार करून, मुद्रांक शुल्क किती लागतं याचा निर्णय, म्हणजे अभिनिर्णय, घेऊन, दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो. तेव्हा कुठे मालकी बदलते. या इमारतीने मात्र हे दोन्ही खड्डे ओलांडले होते. दस्त नोंदलेला होता, फेरफारही झालेला होता.

तरी मी कागदांचे फोटो काढून आणले. रात्री आई झोपल्यावर जेवणाच्या टेबलावर सगळं पसरलं आणि क्षेत्रफळांचे आकडे एका वहीत लिहायला घेतले. सातबाऱ्यावर बिनशेती क्षेत्र होतं 4.94.40, एकक आर चौरस मीटर. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, तेव्हा 494.40 चौरस मीटर. दस्ताच्या परिशिष्टात लिहिलं होतं, प्लॉट नं. 11, मूळ क्षेत्र 512.40 चौरस मीटर. अठरा चौरस मीटरचा फरक. छातीत धस्स झालं. वाटलं, सापडली चूक.

दुसऱ्या दिवशी आमच्या वकीलताईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "परिशिष्ट पुढे वाच. रस्तारुंदीकरण काही लिहिलंय का?" लिहिलं होतं. पुढच्याच ओळीत, 18.00 चौरस मीटर क्षेत्र रस्तारुंदीकरणात महानगरपालिकेकडे वर्ग, उर्वरित 494.40. अशी घट निरुपद्रवी असते. रस्त्याचं क्षेत्र महापालिकेच्या नावावर जातं, ले-आउटमधली खुली जागाही सोसायटीला मिळत नसते, आणि ते वजा होऊन उरलेलं क्षेत्र दस्तात यायला हवं ते तसंच आलं होतं. फक्त प्रत्येक वजाबाकीला नाव असलं पाहिजे. ताई पुढे म्हणाल्या, "पण तू दस्त आणि सातबारा हे दोनच ताडून बघते आहेस. सातबारा दस्तावरूनच झालाय, तो जुळणारच. इमारत किती जागेवर बांधलीय ते कुठून कळणार? काकांचा मूळ करारनामा काढ, आणि महापालिकेचा मंजूर नकाशा."

काकांचा करारनामा 2003 चा. बिल्डरने त्यांना फ्लॅट विकला तेव्हाचा. तो काकांनी प्लास्टिकच्या पिशवीत, पासबुकांच्या खाली जपून ठेवला होता. परिशिष्ट अ काढलं आणि मी तीच ओळ तीनदा वाचली. मिळकतीचं वर्णन होतं: प्लॉट नंबर 11 व 12, एकत्रित क्षेत्र 1,009.00 चौरस मीटर.

अकरा आणि बारा. दस्तात फक्त अकरा.

सेक्रेटरींकडे बांधकाम पूर्णत्वाच्या दाखल्याबरोबरचा नकाशा होता. निळसर, घड्यांवर फाटत आलेला, चिकटपट्टी लावलेला. आम्ही तो त्यांच्या हॉलमध्ये फरशीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली. उजव्या बाजूला एरिया स्टेटमेंटचा तक्ता असतो, बारीक अक्षरांत. पहिली ओळ, भूखंडाचं क्षेत्र 1,009.00. वजा रस्तारुंदीकरण 34.00. निव्वळ क्षेत्र 975.00. आणि नकाशाच्या मधोमध, इमारतीच्या आराखड्यातून आरपार गेलेली एक तुटक रेषा होती. अकरा आणि बारा यांची जुनी सामाईक हद्द. सेक्रेटरींनी त्या रेषेवर बोट ठेवलं आणि जिन्याच्या अलीकडे-पलीकडे फिरवलं. इमारतीचे जिन्याच्या पूर्वेकडचे आठ फ्लॅट अकरावर उभे होते, पश्चिमेकडचे आठ बारावर. ते स्वतः पश्चिमेकडच्याच फ्लॅटमध्ये राहत होते. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे तेरा वर्षं आम्ही…" आणि वाक्य तिथेच थांबलं.

काकांचा फ्लॅट पूर्वेकडचा. त्यांना क्षणभर हायसं वाटलं, पण ते तसं नाही. फ्लॅट कुठल्याही बाजूचा असो, सोसायटीची जमीन एकच. पुढे कधी पुनर्विकास करायचा झाला तर निम्म्या जमिनीवर कुणाला परवानगी मिळणार नाही.

मग बाराचा सातबारा काढला. गाव निवडताना शहराचं नाव न घेता मौजे पाथर्डी घ्यावं लागतं. नाशिक शहरातल्या जमिनी कागदोपत्री अजून आपापल्या शिवारातच आहेत, आणि नवीन माणूस "नाशिक" शोधत बसला की काही सापडत नाही. bhulekh.mahabhumi.gov.in वर नुसता बघायला मिळतो, डिजिटल सही असलेला digitalsatbara.mahabhumi.gov.in वर पंधरा रुपयांत. तो उघडला तर भोगवटादार म्हणून चार नावं. एक बाई, दोन पुरुष, आणखी एक बाई. शेजारी फेरफार क्रमांक. तो फेरफार काढला तेव्हा उलगडा झाला: 2016 सालची वारस नोंद. मूळ मालक वारले आणि पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी यांची नावं लागली. इमारत उभी राहून बारा वर्षं झाल्यावर तिच्या निम्म्या जमिनीला वारस लागले होते, आणि वर राहणाऱ्या सोळा कुटुंबांपैकी कुणालाही त्याची खबर नव्हती. इतर हक्कात बोजा काही नव्हता, ते मात्र सुदैव. त्या चौघांनी त्या सातबाऱ्यावर कर्ज काढलं असतं तर ते तिथे बोजा म्हणून दिसलं असतं आणि गुंता कितीतरी वाढला असता.

असं झालं कसं, ते सूची दोन वाचून कळलं. freesearchigrservice.maharashtra.gov.in वर मिळकतीवरून शोध घेता येतो. जिल्हा, गाव, मिळकत क्रमांक आणि वर्ष टाकायचं. एकेक वर्ष वेगळं टाकावं लागतं, त्यात संध्याकाळ जाते. सूची दोन हा एका पानाचा उतारा असतो, पण दस्ताची सगळी कुंडली त्यात येते, आणि तो वाचताना चार रकान्यांवर नजर ठेवायची. चौथ्यात मिळकत, पाचव्यात क्षेत्रफळ, सातव्यात लिहून देणारा, आठव्यात लिहून घेणारा. आमच्या दस्ताच्या सूची दोनमध्ये आठव्यात सोसायटी होती, क्रमांक प्रमाणपत्राप्रमाणे बरोबर. सातव्यात बिल्डर आणि एक जमीनमालक. एकच. पण 2002 साली विकसन करारनामे दोन झालेले दिसले. अकरा एका भावाचा होता, बारा दुसऱ्याचा. बिल्डरने दोघांकडून वेगवेगळे करार आणि मुखत्यारपत्रं घेतली, महापालिकेत दोन्ही प्लॉटचं एकत्रीकरण दाखवून एक इमारत मंजूर केली, आणि 2011 मध्ये कन्व्हेयन्स करताना थोरल्या भावाची जमीन तेवढी लिहून दिली. मुद्दाम की चुकून, हे मला माहीत नाही आणि त्यावर मी वेळही घालवला नाही. सभासदांनी दस्तात सोसायटीचं नाव बघितलं, सातव्या रकान्यात एकच नाव आहे हे बघितलं नाही. माझ्या मते सूची दोनमधला सातवा रकाना आठव्यापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. जमीन ज्याच्या नावावर होती तो प्रत्येक माणूस त्यात हवा, स्वतः किंवा नोंदणीकृत मुखत्यारामार्फत. बिल्डर बहुतेक वेळा जमिनीचा मालक नसतोच. त्याच्या एकट्याच्या सहीने जमीन येत नाही.

आता प्रश्न होता की आम्ही काय करायचं. आमचे हे म्हणाले, सोडून देऊ, दुसरा फ्लॅट बघू. आईने मात्र तिथली खिडकी मनाशी धरलेली होती. आणि खरं सांगायचं तर त्या काकांना तसंच सोडून यायला मला बरं वाटेना. पुढचा कुणीतरी न बघता घेईल आणि तोही त्यात अडकेल. वकीलताईंच्या सल्ल्याने विसार पावती केली, रक्कम थोडीच ठेवली, आणि एक अट लिहिली: प्लॉट नंबर 12 सोसायटीच्या नावे नोंदणीकृत दस्ताने झाल्यावरच अंतिम खरेदीखत होईल, नऊ महिन्यांत न झाल्यास विसार पूर्ण परत. काकांनी ती अट एका शब्दानेही न अडवता सही केली.

सेक्रेटरींनी बिल्डरला फोन लावला. तो म्हणाला, चूकदुरुस्ती पत्र करून देतो, मुखत्यारपत्र माझ्याकडे आहेच. सभासदांना हे लगेच पटलं, खर्चही कमी होता. वकीलताईंनी दोन्ही गोष्टींना नकार दिला आणि कारणं समजावून सांगितली. चूकदुरुस्ती पत्र हे आकडा चुकला, नावात अक्षर चुकलं, दिशा उलटी लिहिली अशासाठी. जो प्लॉट मूळ दस्तात आलाच नाही आणि ज्याचा मालक त्या दस्तात पक्षकारच नाही, तो दुरुस्तीने आत आणता येत नाही. त्याला स्वतंत्र दस्तच हवा. आणि मुखत्यारपत्र देणारा 2016 मध्ये वारला. माणूस गेला की त्याने दिलेलं मुखत्यारपत्र सर्वसाधारणपणे संपतं. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्यात गुंतलेला असेल तर टिकतं असा अपवाद आहे, आणि बिल्डर तोच सांगू शकला असता. पण ताई म्हणाल्या, "जिवंत वारस समोर असताना अपवादावर कशाला उभं राहायचं? उद्या कोर्टात वाद नको. चौघांच्या सह्या घ्या."

सोसायटीने विशेष सर्वसाधारण सभा घेतली, ठराव केला. दोन रस्ते ठेवले. वारसांनी सही दिली तर सरळ कन्व्हेयन्स, नाही दिली तर प्लॉट 12 पुरता डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे. त्या अर्जाचीही तयारी करून ठेवली: नमुना सात, त्यावर 2,000 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, नोंदणी प्रमाणपत्र, सातबारा, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, फ्लॅटधारकांची यादी त्यांच्या करारनाम्यांसह, आणि मालकांना नोटीस दिल्याचा पुरावा. कायद्यात निर्णयाला सहा महिने दिले आहेत.

तो अर्ज करावा लागला नाही. मी आणि सेक्रेटरी वारसांच्या घरी गेलो. जुन्या नाशकातलं घर, काकू सत्तरीच्या. त्यांना आधी वाटलं आम्ही काही मागायला आलोय. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या यांनी ती जागा तेव्हाच देऊन टाकली, पैसे पण तेव्हाच घेतले. आमचं नाव कशाला लागलंय त्याच्यावर?" वारस नोंद केली तेव्हा सगळ्या जमिनींची एकदम केली होती, त्यात हा प्लॉटही आपोआप आला. थोरल्या मुलाने मात्र पुढच्या दारी येऊन विचारलं की आम्हाला याचं काय मिळणार. तेही स्वाभाविक होतं. सातबाऱ्यावर नाव दिसतं तेव्हा कुणालाही वाटतं. वकीलताईंनी 2002 चा विकसन करारनामा आणि त्यातली मोबदल्याची पावती दाखवली. काकूंनीच मग त्याला समजावलं. मुलगी डोंबिवलीला, ती दिवाळीत आली तेव्हा सही करणार असं ठरलं.

वेळ गेला तो मुद्रांक शुल्कात. कन्व्हेयन्सवर नवं शुल्क भरायचं नसतं, कारण प्रत्येकाने फ्लॅट घेताना आपापल्या करारनाम्यावर ते भरलेलं असतं. ते वजा धरतात. पण भरलेलं आहे हे दाखवावं लागतं, प्रत्येक फ्लॅटचं, आणि मग मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय करून घ्यायचा. चौदा जणांचे करारनामे आठवड्यात जमा झाले. एकांचा बँकेत गहाण होता, बँकेने प्रत दिली. शेवटच्या फ्लॅटचा मूळ मालक विकून गावी गेलेला, आणि सध्याच्या मालकांकडे फक्त त्यांचं स्वतःचं खरेदीखत. पहिला करारनामा सूची दोनवरून दस्त क्रमांक शोधून, दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढून मिळवला. त्याला तीन आठवडे लागले. जुना फ्लॅट घेताना आधीच्या प्रत्येक मालकाचा दस्त मागून घ्या असं सांगतात ते यासाठीही.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात दस्त नोंदला गेला. लिहून देणार चार वारस, मान्यता देणार बिल्डर, लिहून घेणार सोसायटी. परिशिष्ट मी स्वतः मोठ्याने वाचलं आणि वकीलताईंनी नकाशावरून ताडलं: प्लॉट नं. 12, मूळ क्षेत्र 496.60, वजा रस्तारुंदीकरण 16.00, उर्वरित 480.60. थोरला मुलगा अंगठा लावताना कॅमेऱ्याकडे बघायचं विसरला, परत फोटो काढावा लागला. काकूंनी सगळ्यांना घरून आणलेल्या चकल्या दिल्या.

दस्त नोंदल्यावर फेरफारासाठी तलाठी कार्यालयात जाऊन अर्ज आणि सूची दोन दिली. नोंद आपोआप जाते, तरी जाऊन बघितलेलं बरं. रेंगाळली तर कुणी कळवत नाही. फेरफार धरला गेला, हितसंबंधितांना नोटिसा निघाल्या, हरकतीचे पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत मी रोज सकाळी चहा घेताना संकेतस्थळ उघडून बघत होते. हरकत आली नाही. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली.

आमचं खरेदीखत त्यानंतर झालं. त्याच दिवशी सकाळी दोन्ही प्लॉटचे नवीन सातबारे काढले आणि आईच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावले. अकराचं क्षेत्र 4.94.40, बाराचं 4.80.60, दोन्हींवर भोगवटादार सोसायटी. खाली पेन्सिलने बेरीज लिहिली: 975.00 चौरस मीटर. नकाशावर निव्वळ क्षेत्र तेवढंच आहे.